एकाचा पगार खूप मोठा असलेल्या छोट्या टीममध्ये सरासरी आणि मध्यक कसे काढावेत, कसे वाचावेत

नऊ जणांच्या एखाद्या टीमचा सरासरी मासिक पगार ५४ हजार आहे, हे विधान काटेकोरपणे खरे असू शकते आणि तरीही त्या नऊपैकी आठ जणांना ४० हजार किंवा त्याहून कमी पगार मिळत असू शकतो. यात कोणी खोटे बोललेले नसते आणि बेरीज-भागाकारही चुकलेला नसतो. एका व्यक्तीचा पगार इतरांच्या कितीतरी पट असतो आणि टीम इतकी लहान असते, की त्या एका पगाराचा भार वाटून घ्यायला पुरेशी माणसेच नसतात. टीमच्या पगाराचा आढावा घेण्याचे, अंदाजपत्रक मांडण्याचे किंवा नव्या उमेदवाराला आकडा सांगण्याचे काम ज्यांच्याकडे प्रथमच आले आहे, त्यांनी सरासरी आणि मध्यक, म्हणजे चढत्या यादीत मधोमध येणारा पगार, हे दोन आकडे कोणत्या क्रमाने काढावेत, कसे तपासावेत आणि कोणत्या प्रश्नाला कोणता आकडा वापरावा, हे पुढे एकाच उदाहरणाच्या आधारे सांगितले आहे.

उदाहरणातील सर्व आकडे हजारांत आणि दरमहा धरले आहेत. चलन कोणतेही धरले तरी गणित बदलत नाही.

पहिली पायरी: कोणाचा आणि कोणता पगार, हे आधी लिहून काढा

सरासरी की मध्यक, या प्रश्नाकडे वळण्याआधी यादीत नेमके काय येणार हे ठरवावे लागते, आणि नवखी माणसे सर्वाधिक घाई इथेच करतात. मूळ पगार धरायचा, की भत्ते, बोनस आणि कमिशन मिळून होणारे एकूण वेतन धरायचे; कर कापण्यापूर्वीची रक्कम घ्यायची, की प्रत्यक्ष हाती येणारी; अर्धवेळ काम करणाऱ्यांचे काय करायचे; टीमचा प्रमुख यादीत असेल की नाही, याची उत्तरे एका कागदावर लिहावीत आणि मग ती यादीतील प्रत्येकाला सारखीच लावावीत.

ज्या टीममध्ये एकाचा पगार फार मोठा असतो, तिथे या निवडींचा परिणामही मोठा असतो, कारण मोठा पगार बहुधा केवळ मूळ पगारामुळे मोठा नसतो. समजा, आपल्या टीममधील सर्वाधिक वेतन घेणाऱ्या व्यक्तीला दरमहा ९५ हजार मूळ पगार आहे आणि वर्षातून एकदा १,४४० हजार, म्हणजे १४ लाख ४० हजार, इतके कमिशन मिळते. इतर आठ जणांना फक्त मासिक पगार आहे. ते कमिशन बारा महिन्यांत विभागले, तर महिन्याला १२० हजार होतात आणि त्या व्यक्तीचे मासिक वेतन २१५ हजार ठरते. टीमची सरासरी तेव्हा ५४ हजार येते. कमिशन पूर्ण वगळले, तर सरासरी ४०.७ हजारांच्या आसपास उतरते. आणि ज्या महिन्यात कमिशन जमा झाले, त्या एका महिन्याची पगारपत्रके घेऊन कोणी हिशेब केला, तर सरासरी २०० हजारांच्याही वर जाते. माणसे तीच आणि नोकऱ्याही त्याच असताना सरासरी तीन वेगवेगळ्या आकड्यांवर येते, तर मध्यक तिन्ही वेळा ३५ हजारच राहतो. म्हणून वर्षातून एकदाच मिळणारी रक्कम बारा महिन्यांत विभागूनच यादीत घ्यावी आणि तसे केल्याचे आकड्याशेजारी नमूद करावे.

अर्धवेळ काम करणाऱ्यांचा पगार पूर्ण वेळेच्या हिशेबात बदलून घ्यावा. निम्मे तास काम करून १८ हजार मिळवणाऱ्या व्यक्तीची नोंद दरांच्या तुलनेसाठी ३६ हजार अशी करावी, अन्यथा तिच्या कामाचा दरच कमी आहे असा चुकीचा अर्थ निघेल. प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब मांडताना मात्र १८ हजारच धरावेत. तसेच टीमचा प्रमुख हा व्यवसायाचा मालकही असेल आणि त्याची मोठी रक्कम नफ्यातील वाट्यातून येत असेल, तर ती रक्कम पगार नाही आणि तिला पगाराच्या यादीत जागा देऊ नये.

दुसरी पायरी: चढत्या क्रमाने मांडा आणि डोळ्यांनी पाहा

आपल्या टीमचे नऊ पगार चढत्या क्रमाने असे आहेत:

२८, ३०, ३१, ३३, ३५, ३६, ३८, ४०, २१५

कोणतेही सूत्र लावण्याआधी ही ओळ एकदा शांतपणे वाचावी. पहिले आठ आकडे २८ ते ४० या बारा हजारांच्या पट्ट्यात दाटीने बसले आहेत, आणि त्यानंतर १७५ हजारांची मोकळी जागा सोडून शेवटचा आकडा येतो. टीम छोटी असण्याचा हा मोठा फायदा आहे. शेकडो जणांची यादी अशी एका नजरेत मावत नाही, म्हणून तिथे एका आकड्यात सार काढणे भाग पडते. नऊ जणांच्या बाबतीत मात्र संपूर्ण चित्र समोर असते आणि पुढे काढलेला प्रत्येक आकडा या ओळीशी जुळतो का, हे पडताळता येते.

तिसरी पायरी: दोन्ही आकडे काढा

सरासरी काढण्यासाठी सर्व पगारांची बेरीज करून तिला माणसांच्या संख्येने भागावे. इथे बेरीज ४८६ येते आणि ४८६ ÷ ९ = ५४.

मध्यक म्हणजे चढत्या क्रमाने मांडलेल्या यादीत बरोबर मधोमध येणारा पगार. माणसांची संख्या विषम असेल, तर त्या संख्येत एक मिळवून दोनने भागल्यावर मधले स्थान मिळते. नऊ जणांसाठी ते पाचवे स्थान आहे आणि पाचव्या स्थानी ३५ आहे. चार जणांना त्याहून कमी आणि चार जणांना त्याहून अधिक मिळते. संख्या सम असेल, तर मधोमध दोन पगार येतात आणि त्या दोघांची सरासरी हा मध्यक मानला जातो. आठ जणांची टीम असती, तर चौथ्या आणि पाचव्या पगारांची बेरीज करून निम्मी केली असती.

आता दोन्ही आकडे यादीजवळ ठेवून पाहावेत. ५४ हजार हा आकडा त्या मोकळ्या जागेत पडतो, जिथे कोणीच उभे नाही. टीममध्ये ५४ हजारांच्या जवळपासही कोणाचा पगार नाही. आठ जण त्याच्या बरेच खाली आहेत आणि एक जण फार वर आहे. सरासरी जेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या पगारापेक्षाही अधिक येते, तेव्हा ती टीममधील कोणाच्याही पगाराची कल्पना देत नाही, आणि हे ओळखण्यासाठी यापेक्षा सोपी खूण नाही. इथे दुसरा मोठा पगार ४० आणि सरासरी ५४ आहे, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही.

चौथी पायरी: एका माणसाला वगळून पुन्हा मोजा

माझ्या मते या सर्व पायऱ्यांपैकी हीच अधिक काळजीने करण्याजोगी आहे, कारण सरासरीचा फुगवटा नेमका कुठून आला हे ती दाखवते. सर्वाधिक पगार काही काळापुरता बाजूला ठेवून उरलेल्या आठ जणांचे दोन्ही आकडे काढावेत. त्यांची बेरीज २७१, म्हणजे सरासरी ३३.८७५ हजार, सुमारे ३३.९ हजार. मध्यक हा चौथ्या आणि पाचव्या पगारांच्या मधला, म्हणजे ३३ आणि ३५ यांच्या मधला, ३४ हजार. एक माणूस वगळल्याने सरासरी वीस हजारांनी खाली आली, मध्यक मात्र एकाच हजाराने हलला.

सरासरी वीस हजारांनीच का हलली, याचे कारण साधे आहे. सर्वाधिक पगार आणि उरलेल्यांची सरासरी यांतील फरक सुमारे १८१ हजारांचा आहे, आणि सरासरी काढताना हा फरक नऊ जणांत समान वाटला जातो. १८१ ला ९ ने भागले, की सुमारे २० येतात. तोच २१५ हजारांचा पगार नव्वद जणांच्या टीममध्ये असता आणि इतर एकोणनव्वद जणांची सरासरी ३३.९ हजार असती, तर तोच फरक नव्वद वाट्यांत विभागला गेला असता आणि सरासरी जेमतेम दोन हजारांनी वाढली असती. एका मोठ्या पगारामुळे सरासरी बिघडते की नाही, हे केवळ तो पगार किती मोठा आहे यावर ठरत नाही, तर तो किती जणांत वाटला जातो यावरही ठरते. मोठ्या संस्थेत ज्या सवयीने सरासरी वापरली जाते, ती सवय तशीच छोट्या टीममध्ये आणली की गफलत होते ती यामुळेच.

याच तपासणीतून आणखी एक गोष्ट कळते. सर्वाधिक पगार घेणारी व्यक्ती टीम सोडून गेली, तर पुढच्या महिन्याच्या अहवालात टीमचा सरासरी पगार ५४ वरून ३३.९ हजारांवर घसरलेला दिसेल, आणि वाचणाऱ्याला पगारकपात झाली असे वाटेल, जेव्हा प्रत्यक्षात कोणाचाही एक पैसा कमी झालेला नसेल. उलट त्या व्यक्तीच्या पगारात ९० हजारांची भर पडली, तर सरासरी ५४ वरून ६४ हजार होईल. मग ‘टीमचा सरासरी पगार १० हजारांनी वाढला’ हे विधान गणिताने बरोबर ठरेल, पण आठ जणांचा पगार जिथे होता तिथेच असेल. म्हणून दोन काळांतील सरासरींची तुलना करताना यादीत कोण आले, कोण गेले आणि वरच्या टोकाला काय बदलले, हे आधी पाहिल्याशिवाय वाढ किंवा घट हे शब्द लिहू नयेत.

पाचवी पायरी: प्रश्न कोणता आहे, त्यावरून आकडा निवडा

इथपर्यंत वाचल्यावर सरासरी सोडून द्यावी आणि सर्वत्र मध्यकच वापरावा, असे वाटण्याची शक्यता आहे. तसे करणे चुकीचे ठरेल. दोन्ही आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

‘या टीमवर महिन्याला एकूण किती खर्च होतो?’ हा प्रश्न असेल, तर सरासरीच उपयोगाची आहे, कारण तिला माणसांच्या संख्येने गुणले की पूर्ण बेरीज परत मिळते: ५४ × ९ = ४८६. मध्यकाला नऊने गुणले तर ३१५ येतात आणि अंदाजपत्रक दरमहा १७१ हजारांनी तोकडे पडते. त्याचप्रमाणे दोन टीमच्या आकड्यांवरून एकत्र आकडा काढायचा असेल, तर दोन्ही सरासरी आणि दोन्हींची माणसे माहीत असणे पुरेसे असते. मध्यकांच्या बाबतीत ते शक्य नसते. एका टीमचा मध्यक ३५ आणि दुसरीचा ४५ असला, तर एकत्रित मध्यक त्या दोहोंच्या दरम्यान असेल एवढेच सांगता येते, आणि नेमका आकडा काढायचा तर सर्व पगार पुन्हा एका यादीत मांडावे लागतात.

‘या टीममधल्या साधारण माणसाला किती पगार मिळतो?’ किंवा ‘मी इथे रुजू झालो, तर मला किती अपेक्षा ठेवता येईल?’ हा प्रश्न असेल, तर मध्यक द्यावा. उमेदवाराशी बोलताना ५४ हजारांचा आकडा सांगणे हे मला केवळ अयोग्य नव्हे, तर अन्यायाचे वाटते, कारण ऐकणारा माणूस त्या आकड्यावरून आपल्या घरखर्चाचा विचार करत असतो आणि त्याच्या वाट्याला येणारी जागा २८ ते ४० च्या पट्ट्यातली असते.

उमेदवाराच्या बाजूने पाहिले, तर त्याच्या हातीही एक सोपा उपाय आहे. सरासरी, माणसांची संख्या आणि सर्वाधिक पगार, एवढे तीन आकडे कळले तरी उरलेल्यांची सरासरी काढता येते. ५४ × ९ मधून २१५ वजा करावेत आणि आलेल्या २७१ ला आठने भागावे, ३३.९ हजार हे उत्तर मिळते. तिन्ही आकडे कोणी सांगत नसेल, तर निदान एवढे विचारावे, की या सरासरीत प्रमुखांचा पगार धरला आहे का, आणि ज्या पदासाठी मला घेत आहात त्या पदावरील लोकांचा मध्यक किती आहे.

प्रमुखाला यादीत ठेवावे की नाही, हेसुद्धा प्रश्नावरच ठरते. प्रमुखाच्या पगाराची इतरांशी तुलना करायची असेल, तर त्याला मध्यकाच्या यादीतून वगळणे योग्य. अमेरिकेत २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या अनेक कंपन्यांना मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या वार्षिक मोबदल्याचे इतर कर्मचाऱ्यांच्या मध्यकाशी असलेले गुणोत्तर जाहीर करावे लागते, आणि तिथे मध्यक काढताना तो अधिकारी वगळला जातो. आपल्या टीमला हीच पद्धत लावली, तर २१५ ला ३४ ने भागून गुणोत्तर सुमारे ६.३ येते. सरासरीशी तुलना केली असती, तर २१५ ÷ ५४ म्हणजे जेमतेम चारपट दिसले असते, कारण मोठा पगार स्वतःच सरासरीला वर ओढतो आणि स्वतःशीच केलेल्या तुलनेत लहान दिसू लागतो.

सहावी पायरी: पगारवाढीलाही हीच कसोटी लावा

समजा, सर्वांना सरसकट १० टक्के वाढ दिली. सरासरी आणि मध्यक दोन्ही बरोबर १० टक्क्यांनीच वाढतील, त्यामुळे वरवर पाहता इथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. पण रकमांकडे पाहिले, तर एकूण वाढ ४८.६ हजारांची आहे आणि तीपैकी २१.५ हजार, म्हणजे सुमारे ४४ टक्के, एकाच व्यक्तीला मिळतात. ‘प्रत्येकाला सरासरी ५.४ हजारांची वाढ मिळाली’ असे लिहिले, तर आठ जणांना ते आपल्या पगारपत्रकात कुठेच सापडणार नाही, कारण त्यांची वाढ २.८ ते ४ हजारांच्या दरम्यान आहे. वाढीच्या रकमांचा मध्यक ३.५ हजार आहे आणि लोकांच्या अनुभवाशी तो जुळतो. वाढीचा अहवाल लिहिताना टक्केवारी आणि मध्यक रक्कम अशा दोन्ही गोष्टी द्याव्यात.

सातवी पायरी: मध्यक कुठे गप्प राहतो, हे ओळखा

मध्यक वरच्या टोकाच्या मोठ्या पगाराने हलत नाही, तसाच तो खालच्या टोकाला झालेल्या बदलानेही हलत नाही, आणि हा त्याचा दोष विसरता कामा नये. आपल्या टीममधील सर्वांत कमी पगाराच्या चार जणांचा पगार कापून प्रत्येकी २० हजार केला, असे समजा. यादी २०, २०, २०, २०, ३५, ३६, ३८, ४०, २१५ अशी होईल. मध्यक अजूनही ३५ हजारच. चार माणसांवर एवढे मोठे संकट कोसळले आणि मध्यकाला त्याची खबरही लागली नाही. सरासरी मात्र ५४ वरून ४९.३ हजारांवर आली आणि काहीतरी बदलल्याचा इशारा तिने दिला. म्हणून मध्यकासोबत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पगार, हे दोन आकडे नेहमी तपासावेत.

दुसरी अडचण टीम दोन गटांत विभागलेली असते तेव्हा येते. समजा, एका टीममध्ये चार शिकाऊ आणि चार अनुभवी माणसे आहेत आणि त्यांचे पगार २२, २३, २४, २५ आणि ५२, ५४, ५५, ५६ असे आहेत. मध्यक २५ आणि ५२ यांच्या मधोमध, ३८.५ हजारांवर येतो, आणि त्या पगारावर काम करणारे तिथे कोणीच नाही. २४ हजारांवर आणखी एक शिकाऊ घेतला, तर मध्यक एकदम २५ वर उतरतो. त्याऐवजी ५३ हजारांवर एक अनुभवी माणूस घेतला, तर तो ५२ वर चढतो. एका नेमणुकीने मध्यक इतका इकडेतिकडे होत असेल, तर तो त्या टीमचे वर्णन करण्यास लायक नाही असे समजावे आणि दोन्ही गटांचे आकडे वेगवेगळे द्यावेत. आपल्या मूळ उदाहरणात हा धोका नाही, कारण मधले पगार एकमेकांना लागून आहेत. पण हे पाहूनच ठरवावे लागते, गृहीत धरता येत नाही.

आठवी पायरी: स्प्रेडशीटमधील चुका शोधा

पगार `B2` ते `B10` या नऊ चौकटींत असतील, तर पुढील चार सूत्रे पुरेशी आहेत:

```
=COUNT(B2:B10)
=AVERAGE(B2:B10)
=MEDIAN(B2:B10)
=MAX(B2:B10)
```

`COUNT` चे सूत्र पहिले ठेवण्यामागे कारण आहे. एखादा आकडा मजकूर म्हणून नोंदला गेला असेल, उदाहरणार्थ त्याच्यापुढे अक्षर किंवा अवतरणचिन्ह पडले असेल, तर स्प्रेडशीट तो आकडा कोणतीही सूचना न देता हिशेबातून सोडून देते. तो आकडा २१५ असला, तर सरासरी ३३.९ दिसेल आणि ती इतकी पटण्यासारखी असेल, की कोणालाही शंका येणार नाही. `COUNT` ने ९ ऐवजी ८ दाखवले, की चूक उघड होते. रिकामी चौकटही हिशेबात धरली जात नाही, पण शून्य लिहिलेली चौकट धरली जाते. बिनपगारी रजेवर असलेल्या दहाव्या व्यक्तीसमोर शून्य टाकले, तर सरासरी ४८.६ आणि मध्यक ३४ होतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे खालच्या एकूण बेरजेची ओळ यादीत मिसळणे. बेरजेचे ४८६ हे दहावा पगार म्हणून मोजले गेले, तर सरासरी ९७.२ हजार येते आणि चूक लगेच डोळ्यांत भरते. मध्यक मात्र ३५ वरून केवळ ३५.५ होतो आणि त्यावरून कोणालाही काही कळत नाही. मध्यकाची जी स्थिरता इतरत्र उपयोगी पडते, तीच इथे चूक झाकते. म्हणून `MAX` चे उत्तर खरोखरच एखाद्या माणसाचा पगार आहे ना, हे यादीशी ताडून पाहावे.

नववी पायरी: आकडा लिहिताना आणि वाटताना

अहवालात एकटा आकडा कधीही लिहू नये. पुढील नमुन्यासारखे तीन वाक्यांचे वर्णन पुरेसे असते: ‘टीममध्ये ९ जण असून सर्वांचे पगार पूर्ण वेळेच्या हिशेबात, करापूर्वीचे आणि वार्षिक कमिशन बारा महिन्यांत विभागून धरले आहेत. मासिक पगाराचा मध्यक ३५ हजार, सरासरी ५४ हजार आहे. एक पगार इतरांहून खूप मोठा असल्याने सरासरी वाढली आहे आणि तो वगळल्यास ती ३३.९ हजार येते.’ मोठा पगार वगळायचा असेल, तर तो असा सांगून वगळावा. न सांगता वगळलेला पगार हा आकड्यातील फेरफारच ठरतो, मग हेतू कितीही चांगला असो.

शेवटी गोपनीयतेचा प्रश्न राहतो, आणि छोट्या टीममध्ये तो मोठ्या टीमपेक्षा अधिक बिकट असतो. वरचा नमुना अंदाजपत्रक पाहणाऱ्यांसाठी ठीक आहे, पण तोच सर्वांना वाटला, तर ५४ × ९ मधून ३३.९ × ८ वजा करून कोणीही २१४.८ हजार हे उत्तर काढेल, जे खऱ्या पगाराच्या अगदी जवळ आहे. एखादी व्यक्ती सोडून गेल्यावर आधीची आणि नंतरची सरासरी प्रसिद्ध केली, तरी नेमके हेच होते, आणि दशांश कमी करून फारसे झाकले जात नाही. विषम संख्येच्या टीममध्ये मध्यक हा तर थेट एका माणसाचा पगारच असतो. तो कोणाचा, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही, जोवर इतरांना आपापसातले पगार ठाऊक नसतात. त्यामुळे सर्वांसाठीच्या परिपत्रकात मध्यक जवळच्या हजारापर्यंत पूर्ण करून आणि २५ ते ४० हजारांसारख्या एखाद्या पट्ट्यासह द्यावा, त्या पट्ट्याबाहेरही कोणी आहे हे शब्दांत नमूद करावे, आणि सरासरी केवळ खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्यांकडे राहू द्यावी. टीममध्ये कोणी नव्याने आले किंवा सोडून गेले, तर लगेच नवी सरासरी न काढता ती पुढच्या ठरलेल्या आढाव्यातच, इतर बदलांसोबत द्यावी.